आता का थांबवलं? रग्बी पहिल्यांदा बघायला येणाऱ्यांसाठी

रविवारी सकाळी खारघरला आमचा सराव सामना चालू असतो आणि मैदानाच्या कडेला छत्री धरून पालक उभे असतात. खेळ कडक चाललेला असतो, कोणीतरी पळतंय, कोणीतरी पाडतंय, आणि मध्येच शिट्टी वाजते. दोन मिनिटांनी पुन्हा शिट्टी. मग ठरलेला प्रश्न येतो: "अहो, आता का थांबवलं? कोणी काही केलंच नाही!"

त्यातल्या बऱ्याच जणांनी २०२५च्या जूनमध्ये अंधेरीला रग्बी प्रीमियर लीगचे सामने बघितलेले असतात. ते सेव्हन्स, म्हणजे सात-सात जणांचं रग्बी. तिथे मैदान मोकळं, पळापळ जास्त आणि गर्दी कमी. पंधरा-पंधरा जणांच्या रग्बी युनियनमध्ये मैदान तेवढंच, पण माणसं दुपटीहून जास्त. त्यामुळे बॉलभोवती सतत झुंबड होते आणि शिट्टी त्या झुंबडीवर वाजते. ती का वाजते हे कळलं की खेळ कळला. बाकी सगळं हळूहळू येतं.

सुरुवातीला लागेल तेवढंच

सामना ८० मिनिटांचा, ४० मिनिटांचे दोन भाग. गोलरेषेपलीकडे बॉल जमिनीला टेकवला की ट्राय, त्याचे ५ गुण. ट्रायनंतर खांबांमधून किक मारली तर २. पेनल्टी किकवर गोल झाला तर ३, आणि चालू खेळात बॉल जमिनीवर टप्पा देऊन मारलेल्या ड्रॉप गोलचेही ३.

पाठीवरचा आकडा म्हणजे जागा. १ ते ८ हे फॉरवर्ड, अंगाने दणकट, स्क्रममध्ये, म्हणजे दोन्ही संघांच्या आठ-आठ जणांच्या ढकलाढकलीत, उतरणारे. ९ ते १५ हे बॅक, पळणारे. ९ नंबरला स्क्रम-हाफ म्हणतात. झुंबडीतून बॉल उचलून बाहेर देणं हे त्याचं मुख्य काम, म्हणून नव्या माणसाने बॉल हरवला तर ९ नंबर शोधावा.

बॉल घेऊन पुढे पळता येतं, पायाने पुढे मारता येतो. हाताने मात्र फक्त मागे किंवा सरळ बाजूला द्यायचा. झालं, आता शिट्टीकडे वळू.

शिट्टीच्या तीन पायऱ्या

रग्बीत प्रत्येक चुकीची शिक्षा सारखी नसते. रेफरी मनात तीन पायऱ्या धरून असतो आणि कोणती पायरी ते त्याच्या हातावरून कळतं.

पहिली पायरी म्हणजे साधी चूक. बॉल हातातून पुढे निसटला, याला नॉक-ऑन म्हणतात, किंवा नकळत पास पुढे गेला. यात लबाडी नाही, फक्त हाताचं कौशल्य कमी पडलं. शिक्षा: स्क्रम, आणि त्यात बॉल घालायचा हक्क समोरच्यांना. रेफरी हात खांद्याच्या रेषेत आडवा करून ज्यांना स्क्रम मिळाला त्यांच्याकडे दाखवतो.

दुसरी पायरी तांत्रिक चुकीची. स्क्रममध्ये इशाऱ्याआधीच भिडणं किंवा बॉल वाकडा घालणं, अशा गोष्टी. शिक्षा: फ्री किक, म्हणजे समोरच्यांना मोकळा बॉल, पण त्यावर थेट गोल मारता येत नाही. रेफरीचा हात कोपरात काटकोनात वाकलेला दिसतो.

तिसरी पायरी म्हणजे समोरच्याचा हक्क हिरावणं किंवा त्याला इजेच्या धोक्यात घालणं. शिक्षा: पेनल्टी. हात सरळ, तिरका वर उचललेला. इथे समोरच्या संघाला चार पर्याय मिळतात: गोलवर किक मारून ३ गुण, बॉल मैदानाबाहेर मारायचा आणि तिथे लाइनआउटला, म्हणजे कडेजवळ उभ्या राहिलेल्या दोन्ही संघांच्या रांगांमध्ये, पुन्हा आपणच फेकायचा, बॉलला पाय लावून लगेच पळत सुटायचं, किंवा स्क्रम घ्यायचा. चुकलेल्या संघाने १० मीटर मागे हटायचं.

कधीकधी रेफरी कमरेएवढ्या उंचीवर हात आडवा धरून पळत राहतो आणि शिट्टी वाजवत नाही. हा ॲडव्हांटेज. चूक झालीय, पण ज्यांचं नुकसान झालं त्यांच्याच हातात बॉल आहे, तर खेळू दे बघू. फायदा झाला नाही तर शिट्टी वाजवून खेळ मूळ चुकीवर आणतात. काठावरचे लोक तोपर्यंत ती चूक विसरलेले असतात आणि म्हणतात, ही शिट्टी कसली?

फॉरवर्ड पास: ट्रान्स-हार्बर लोकलमध्ये बसून बघा

"फॉरवर्ड! फॉरवर्ड!" हा काठावरून येणारा सगळ्यात मोठा ओरडा, आणि बहुतेक वेळा तो चुकीचा असतो.

ठाण्याहून नेरुळला जाणाऱ्या लोकलमध्ये तुम्ही उभे आहात असं समजा. गाडी ताशी ६० किलोमीटरने ऐरोली सोडून रबाळेकडे निघालीय. तुम्ही हातातला बॉल डब्यात मागच्या बाजूला उभ्या असलेल्या मित्राकडे ताशी २० किलोमीटरने फेकला. डब्यातल्या सगळ्यांच्या मते बॉल मागे गेला. पण रुळांलगतच्या रस्त्यावर चहा पीत उभ्या असलेल्या माणसाला विचारलं तर तो म्हणेल, बॉल ताशी ४० किलोमीटरने पुढेच गेला. दोघंही खरं बोलतायत.

रग्बीत पळणारा खेळाडू म्हणजे ती गाडी. तो सेकंदाला ७ मीटरने पळतोय आणि बॉल सेकंदाला २ मीटरने मागे सोडतोय, तर जमिनीच्या हिशोबाने बॉल सेकंदाला ५ मीटरने पुढेच सरकतो. १० मीटरच्या रेषेवर सोडलेला बॉल तिच्या दोन-तीन मीटर पुढे झेलला जाऊ शकतो आणि तरी पास कायदेशीर असतो. म्हणून नियम जमिनीवरच्या रेषांकडे बघतच नाही. फेकणाऱ्याचे हात पुढच्या दिशेने गेले का, एवढंच बघितलं जातं. गेले, तर फॉरवर्ड. नाही गेले, तर बॉल कुठे झेलला गेला याच्याशी रेफरीला देणंघेणं नाही.

खात्री करायची सोपी खूण: पास दिल्यावर देणारा पळत राहिला असेल, तर बॉल झेलला गेला त्या क्षणी झेलणारा त्याच्या पुढे होता की मागे हे बघा. मागे किंवा बरोबरीत असेल तर पास बहुतेक बरोबर. गंमत होते ती पास देता देता देणाऱ्याला कोणी पाडलं तर. तो जागीच थांबतो, बॉल मात्र त्याच्या मूळ वेगाने पुढे सरकत राहतो आणि चांगला पासही फॉरवर्ड भासतो. अशा वेळी फक्त मनगटं आठवायची.

दोन गोष्टी लक्षात असू द्या. नकळत फॉरवर्ड गेला तर स्क्रम, मुद्दाम पुढे फेकला तर पेनल्टी. आणि बॉल मागे फेकला पण जमिनीवर पडून टप्पा खाऊन पुढे गेला, तर तो फॉरवर्ड नाही. अंड्याच्या आकाराचा बॉल, त्यात पावसाळ्यातला चिखल. तो कुठेही उडतो.

रक: पाडल्यानंतरचे तीन सेकंद

मी कळव्याला कबड्डी खेळत वाढलो आणि रग्बीत आल्यावर सगळ्यात जास्त शिट्ट्या मी इथेच खाल्ल्या. कारण साधं आहे. कबड्डीत पकड केली की सोडायची नाही. चढाईवाला मध्यरेषेकडे हात लांबवत तडफडत असतो आणि आपण घोट्याला लटकून राहतो, त्यातच गुण असतो. रग्बीत पाडलं की त्याच क्षणी सोडायचं. आजही आमच्याकडे कबड्डीची मुलं येतात, टॅकल सुंदर करतात, आणि पहिल्या महिन्यात प्रत्येक जण मला विचारतो, "दादा, एवढी मेहनत करून पाडला, मग सोडायचा कशाला?"

सोडायचा कशाला, याचं उत्तर खेळाच्या रचनेत आहे. पाडल्यावर बॉल मेलेला नसतो. रेफरी खेळ थांबवून "आता तुमचा बॉल" असं सांगत नाही. जमिनीवरच्या बॉलसाठी दोन्ही संघांना पुन्हा झगडता यावं ही रग्बी युनियनची मूळ कल्पना, आणि जमिनीवर पडलेल्या माणसांनी बॉल दाबून धरला तर झगडाच उरत नाही. म्हणून नियम असा: खेळ पायावर उभ्या असलेल्यांचा, पडलेल्याने बाजूला व्हायचं.

हे तीन सेकंद आता सावकाश बघू.

बॉलवाल्याला पकडलं आणि त्याचा एक गुडघा जरी जमिनीला टेकला तरी टॅकल पूर्ण. इथे एक बारकावा नवे लोक विसरतात. तो नुसता घसरून पडला आणि कोणी धरलेलं नसेल, तर टॅकल झालेलाच नाही. तो उठून पळू शकतो.

सगळ्यात आधी जबाबदारी पाडणाऱ्याची. त्याने हात सोडायचे आणि बाजूला सरकायचं. बॉल मिळवायचा असेल तर आधी पायावर उभं राहायचं, मग आपल्या बाजूने येऊन प्रयत्न करायचा. तो समोरच्यांच्या बाजूला पडून राहिला, तर नुसत्या अंगाने ९ नंबरची वाट अडते. मुद्दाम केलं की चुकून, याने फरक पडत नाही. रेफरी बोट गोल फिरवत हात अंगापासून दूर नेतो ती याची खूण.

लगेच पाठोपाठ पडलेल्या बॉलवाल्याची जबाबदारी. त्याने बॉल सोडायचा, पास द्यायचा किंवा हात लांब करून आपल्या लोकांकडे ठेवायचा. एक हालचाल करायला मिळते. कवटाळून बसायला मिळत नाही. बसला, तर रेफरी दोन्ही हात छातीशी घट्ट धरून दाखवतो.

तिसरे, धावत येणारे. यांनी पायावर राहायचं आणि गेटमधून यायचं. गेट म्हणजे पडलेल्या माणसांच्या मागची, त्यांच्या रुंदीएवढी काल्पनिक वाट. मागून सरळ आलात तर ठीक, बाजूने घुसलात तर पेनल्टी. समोरच्या संघाचा माणूस सगळ्यांच्या आधी पोचला, पाय फाकवून बॉलवर उभा राहिला आणि हात लावला, तर त्याला आमच्या भाषेत जॅकल म्हणतात. त्याचा हक्क पक्का असतो, पण एका अटीवर: स्वतःचं वजन स्वतःच्या पायांवर हवं. कोपर किंवा तळवा बॉलपलीकडे जमिनीवर टेकवून तोल सांभाळला तर त्याच्यावरच शिट्टी.

आणि मग रक. दोन्ही संघांचा किमान एकेक माणूस पायावर उभा, बॉलच्या वर, एकमेकांना भिडलेला, म्हणजे रक झाला. आता हात बंद. जॅकलने रक होण्याआधीच हात लावला असेल तर तो धरून ओढू शकतो, बाकी कोणी नवा हात घालायचा नाही. समोरच्यांना खांद्याने मागे ढकलायचं, पायाने बॉल मागे घ्यायचा. ढकलतानाही हात गुंडाळून धरावं लागतं. नुसता खांदा मारत येणं किंवा मानेला धरून फिरवणं धोक्याचं, म्हणून पेनल्टी.

बाकीचे खेळाडू कुठे उभे राहणार? रकमधल्या आपल्या सगळ्यात मागच्या माणसाच्या मागे. तिथून मैदानाच्या दोन्ही कडांपर्यंत एक अदृश्य रेषा जाते, ती ऑफसाइडची. कोणत्याही संघाचा एक जण पायावर, बॉलच्या वर उभा राहिला की ती रेषा तयार होते, पूर्ण रक व्हायची वाट बघावी लागत नाही. दमलेला बचाव करणारा चालत चालत माघारी येतो आणि अर्धं पाऊल पुढेच थांबतो. त्याला वाटतं, मी तर काहीच केलं नाही. पण त्या अर्ध्या पावलाने तो समोरच्या पळणाऱ्यावर लवकर पोचतो.

बॉल मिळाला आणि हल्ला करणारे उगीच वेळ काढत बसले, तर रेफरी "यूज इट" असं ओरडतो. तिथून ५ सेकंदांत बॉल बाहेर काढायचा.

स्क्रम: थरातल्या माणसांना लवकर कळतं

ठाण्यात दहीहंडी जवळून बघितलेल्या माणसाला स्क्रम समजावताना मला फार बोलावं लागत नाही. खालच्या थरातले गोविंदा कसे उभे असतात? पाठ ताठ, गुडघे किंचित वाकलेले, हात शेजाऱ्याच्या खांद्यात घट्ट. थर कोसळतो तो बहुतेक ताकद कमी पडली म्हणून नव्हे, एकाची पाठ वाकली किंवा पकड सुटली म्हणून. स्क्रमही तसाच, फक्त थर उभा नसून आडवा, आणि समोर तितकाच मोठा दुसरा थर.

एका संघाचे आठ जण. पुढे तिघं: मधला हुकर २ नंबर, त्याच्या दोन बाजूंना प्रॉप, १ आणि ३. त्यांच्या मागे दोन लॉक, ४ आणि ५, जे पुढच्यांच्या मांड्यांमधून डोकं घालून खांदा लावतात. लॉकच्या बाहेरच्या कडांना ६ आणि ७, आणि सगळ्यात मागे ८ नंबर. १ नंबरच्या डोक्याची डावी बाजू मोकळी असते. ३ नंबरचं डोकं समोरच्या दोघांच्या मध्ये अडकलेलं असतं. त्यामुळे ३ नंबरवर दोघांचा भार येतो. स्क्रममधली सगळ्यात कठीण जागा ती.

रेफरी तीन इशारे देतो. "क्राउच" म्हटलं की दोन्ही संघांच्या पुढच्या रांगा वाकतात. डोकं आणि खांदे कमरेपेक्षा खाली जायला नकोत. "बाइंड" म्हटलं की प्रॉप बाहेरच्या हाताने समोरच्या प्रॉपची जर्सी पाठीवर किंवा बगलेच्या बाजूला पकडतो. बाही किंवा दंड धरायचा नाही. "सेट" म्हटलं की दोन्ही बाजू भिडतात आणि थांबतात. स्क्रम सरळ आणि स्थिर झाल्याशिवाय बॉल आत येत नाही, आणि बॉल आत येईपर्यंत ढकलायचं नाही. मग ९ नंबर बॉल घालतो, हुकर पायाने मागे ओढतो, ८ नंबरच्या पायाशी बॉल येतो, आणि ९ नंबर वळसा घालून तो उचलतो.

स्क्रम कोसळला की दोष कोणाचा हे ओळखणं रेफरीलाही जड जातं, पण काही खुणा बाहेरूनही दिसतात. भिडण्याआधी कोणाच्या पायांची जागा फार मागे आहे ते बघा. पाय मागे असले की अंग आडवं होतं आणि ढकलल्यावर ते खाली जाण्याशिवाय पर्याय नसतो. मग प्रॉपचं कोपर बघा. ते आकाशाकडे किंवा आडवं असेल तर तो समोरच्याला तोलून धरतोय. जमिनीकडे वळलं असेल तर तो समोरच्याला खाली ओढतोय. तिसरी खूण दिशेची. १ नंबर सरळ न ढकलता समोरच्या हुकरकडे तिरका घुसला तर स्क्रम एका बाजूने फिरतो. बहुतेक वेळा जो संघ मागे सरकत असतो त्याच्यावर शिट्टी जाते, कारण हरणाऱ्यालाच स्क्रम पाडण्यात फायदा असतो. पण पावसाळ्यात दोघांचेही पाय एकदम सुटतात. तेव्हा कोणाचा दोष नाही, स्क्रम पुन्हा घ्यायचा.

मानेवर येणारा दाब खेळण्यातला नाही, म्हणून ही एक गोष्ट मी कडकपणे सांगतो. पहिल्या रांगेत शिकल्याशिवाय उभं राहायचं नाही, अंगाने कितीही दणकट असलात तरी. शिकलेला प्रॉप किंवा हुकर उरला नाही तर रेफरी स्क्रम न ढकलता खेळायला लावतो. ज्याने बॉल घातला त्यालाच तो मिळतो. १९ वर्षांखालच्या सामन्यात तर दीड मीटरपेक्षा जास्त ढकलायलाच परवानगी नाही. आमच्याकडे नवी मुलं आधी नुसतं वाकून, पाठ सरळ ठेवून, मित्राच्या खांद्याला खांदा लावून स्थिर उभं राहण्याचा सराव करतात. कंटाळवाणं असतं. पण पाठ वाकलेल्या मुलाला मी पुढच्या रांगेत सोडत नाही.

मग पेनल्टी एवढ्या का?

मोठ्या आंतरराष्ट्रीय सामन्यात दीडशेहून जास्त रक सहज होतात. वर सांगितलं तसं प्रत्येक रकमध्ये चार-पाच जणांना चुकायची संधी असते: पाडणारा, पडलेला, येणारे, रेषेवर उभे असलेले. आणि दोन्ही संघांना मिळून पेनल्टी साधारण वीसेक. म्हणजे रेफरी शिट्टी वाजवण्यापेक्षा गिळतो जास्त. खेळावर परिणाम न करणारी चूक तो सोडून देतो. "सर, तो तर बाजूने आला!" असं ओरडणारा बरोबर असतो, पण बॉल आधीच तीन पास पलीकडे गेलेला असतो.

उरलेल्या वीसांमागे एक हिशोब असतो. बचाव करणाऱ्यांना बॉल जिंकता आला नाही तरी तो एक-दोन सेकंद उशिरा बाहेर येऊ देणं पुरतं. तेवढ्यात त्यांचे पंधरा जण पुन्हा रांगेत उभे राहतात आणि हल्ल्याची हवा निघून जाते. म्हणून चांगले खेळाडू नियमाच्या कडेवर खेळतात, हात अर्धा क्षण उशिरा काढतात, बाजूला सरकताना सावकाश सरकतात. ही कड रोज वेगळ्या रेफरीची वेगळी असते. पहिल्या दहा मिनिटांत कोणत्या गोष्टीला शिट्टी वाजते ते पाहून जो कप्तान आपल्या मुलांना सावरतो त्याचा संघ पुढे कमी चुकतो. आपल्या गोलरेषेजवळ मात्र ३ गुण देऊन ५ वाचवण्याचा सौदा काही जण जाणूनबुजून करतात. तो वारंवार झाला की रेफरी पिवळं कार्ड काढतो आणि तो खेळाडू १० मिनिटं बाहेर बसतो.

एक प्रसंग, शिट्टीसकट

मागच्या पावसाळ्यातला आमचा सराव सामना. निळे १०, पिवळे १२, शेवटची सहा मिनिटं. निळे हल्ला करत होते, पिवळ्यांच्या गोलरेषेपासून तीसेक मीटरवर.

निळ्या १२ नंबरने पळता पळता १३ नंबरला पास दिला आणि त्याच क्षणी तो पडला. बॉल त्याच्या दीड मीटर पुढे झेलला गेला. काठावरून एकच कल्ला, "फॉरवर्ड!" शिट्टी वाजली नाही, आणि ते बरोबर होतं. बॉल सोडताना त्याचे हात मागे वळलेले होते. तो पडला म्हणून बॉल पुढे गेल्यासारखा दिसला.

पिवळ्या ७ नंबरने निळ्या १३ला मांडीत धरून पाडलं. छान टॅकल. त्याने हातही सोडले, पण तो निळ्यांच्या बाजूला पडला होता आणि चिखलात उठायला वेळ घेत होता. तेवढ्यात पिवळा १२ नंबर गेटमधून सरळ आला, पायावर भक्कम उभा राहिला आणि बॉलला हात घातला. अव्वल जॅकल. निळा १३ बॉल सोडेना. काठावरच्या सगळ्या पिवळ्या पालकांनी हात वर केले, पेनल्टी आपलीच! रेफरीचा हात वर गेला तो निळ्यांकडे.

रेफरी क्रमाने बघतो. आधी पाडणारा, मग पडलेला, मग येणारे, मग ऑफसाइडची रेषा. पिवळा ७ नंबर बाजूला सरकला नव्हता आणि त्याच्या अंगामुळे निळ्या १३ला बॉल मागे ठेवायला जागाच नव्हती. पहिली चूक पिवळ्यांची, म्हणून निळ्याची दुसरी चूक मोजलीच गेली नाही.

निळ्या कप्तानाने गोलवर किक घेतली नाही. जागा कडेला होती, बॉल ओला होता. त्याने बॉल बाहेर मारला आणि लाइनआउट मिळवला, गोलरेषेपासून आठेक मीटरवर. लाइनआउटमध्ये पिवळ्यांच्या लॉकने उंच उडी मारून हात लावला, पण बॉल त्याच्या बोटांना लागून निळ्यांच्या दिशेने पुढे पडला. नॉक-ऑन. रेफरीने ॲडव्हांटेज दाखवला, निळ्यांनी दोन पास केले, काही सुटेना. शिट्टी, स्क्रम निळ्यांना, कडेपासून १५ मीटर आत.

स्क्रममध्ये भिडल्यावर निळे हळूहळू पुढे सरकायला लागले. पिवळ्यांचा १ नंबर आधी तिरका झाला, मग त्याचं कोपर जमिनीकडे वळलं आणि स्क्रम त्याच्या बाजूने खाली बसला. हात पुन्हा निळ्यांकडे. आता मात्र कप्तानाने गोल निवडला. पेनल्टीची जागा गोलरेषेच्या अगदी जवळ आणि बाजूला, खांबांचा कोन फार अरुंद. पण किक त्या जागेवरूनच मारावी लागत नाही, तिच्या सरळ मागे कितीही लांब जाता येतं. निळा १० नंबर २२ मीटरच्या रेषेपर्यंत मागे गेला. अंतर वाढलं, पण खांब मोकळे दिसायला लागले. बॉल मध्यातून गेला. १३-१२.

सामना संपल्यावर पिवळा ७ नंबर माझ्याकडे आला. कोपरखैरण्याचा मुलगा, कबड्डीतलाच. चिखलाने माखलेला, डोळे लाल.

"दादा, मी सोडलं होतं ना त्याला?"

"सोडलं होतंस. उठला नाहीस."

"आणि उठलो असतो तर?"

तर निळा १३ बॉल कवटाळून पडला होता आणि त्याच्यावर तुमचा १२ नंबर उभा होता. शिट्टी तीच वाजली असती, हात तुमच्याकडे गेला असता.